भाव कुणाचा? केळीच्या पावतीवरून नॉर्मलायझेशन

माझा भाचा जळगावला बीएस्सी कॉम्प्युटरला आहे. डेटाबेसच्या विषयात त्याला असाइनमेंट मिळाली: एखाद्या स्थानिक व्यवसायाचा ईआर डायग्राम काढा आणि टेबलं तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत आणा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी लायब्ररी घेतली, उरलेल्यांनी हॉस्पिटल. याने घरचाच धंदा घेतला. दाजी रावेर तालुक्यात केळीची खरेदी करतात. शेतात कापणी, काट्यावर वजन, गाडी भरली की उत्तरेकडे रवाना. घरात पावती पुस्तकांचे गठ्ठे पडलेले असतात. त्यातल्या एका आठवड्याच्या पावत्या त्याने एक्सेलमध्ये उतरवल्या आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "मामा, याचं नॉर्मलायझेशन करायचंय." म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी लिहावी लागू नये अशा बेताने टेबल फोडायचं.

त्यातल्या चार ओळी इथे देतो. आकडे समजण्यापुरते सोपे केले आहेत.

| पावती | तारीख | शेतकरी | गाव | गाडी | माल | क्विंटल | भाव |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ११८ | ४ जून | पाटील | सावदा | ग१ | नवती | ४० | ११५० |
| ११८ | ४ जून | पाटील | सावदा | ग१ | पिलबाग | ६ | ९०० |
| ११९ | ४ जून | चौधरी | चिनावल | ग१ | नवती | ३८ | ११५० |
| १२० | ५ जून | पाटील | सावदा | ग२ | नवती | ५५ | ११८० |

नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे आधीच्या खोडाच्या पिलांपासून घेतलेली. मूळ एक्सेलमध्ये त्याने हे दोन्ही एकाच चौकटीत "नवती ४०, पिलबाग ६" असं लिहिलं होतं. माणसाला ते वाचता येतं, पण महिन्याभरात पिलबाग किती क्विंटल घेतला हे विचारलं की कॉम्प्युटर अडतो, कारण त्याच्या लेखी तो आकडा नसून अक्षरांची माळ आहे. एका चौकटीत एकच गोष्ट, हा पहिला नॉर्मल फॉर्म. वर दिसतंय ते रूप त्यानंतरचं.

पण टेबलं फोडायच्या आधी चित्र काढायला लावलं. ईआर डायग्रामची पद्धत एमआयटीतल्या पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली. ज्या गोष्टींची नोंद ठेवायची त्या चौकोनात, त्यांच्यातलं नातं शंकरपाळ्यात आणि गुणधर्म लंबगोलात. भाच्याने 'शेतकरी' आणि 'गाडी' असे दोन चौकोन काढले, मधल्या शंकरपाळ्यात 'माल भरला' लिहिलं. एका गाडीत दोन-तीन शेतांतला माल जातो आणि एका शेतकऱ्याचा माल वेगवेगळ्या गाड्यांत जातो, म्हणून दोन्ही टोकांना 'अनेक'. इथपर्यंत बरोबर.

आता वजन कुठे लिहायचं? शेतकऱ्याच्या चौकोनाला चिकटवलं तर त्या माणसाचं वजन झालं! गाडीला चिकटवलं तर कुणाचा किती माल ते हरवलं. वजन ना याचं ना त्याचं, ते मधल्या नात्याचं आहे. म्हणून अनेक-अनेक नात्याचं पुढे स्वतंत्र टेबल होतं. पण त्या टेबलाची किल्ली काय, म्हणजे कशावरून प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची? पोराने पुस्तकाप्रमाणे शेतकरी आणि गाडी यांची जोडी घेतली. मी विचारलं, हेच पाटील याच गाडीत पुढच्या आठवड्यात पुन्हा माल देतील तेव्हा? जोडी तीच, किल्ली तीच, म्हणून दुसरी नोंद डेटाबेस घेणारच नाही. दाजींच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर डेटाबेसच्या कितीतरी आधी निघालेलं आहे: पावतीला नंबर असतो. म्हणजे शंकरपाळ्याच्या जागी 'पावती' हाच चौकोन पाहिजे. तसाच शेतकऱ्याला नंबर द्यावा लागतो, कारण सावद्यात पाटील आडनावाची माणसं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

चित्र झाल्यावर टेबलांकडे वळलो. नॉर्मलायझेशनमधला सगळा खेळ एका प्रश्नाचा आहे: कोणती गोष्ट कळली की कोणती आपोआप ठरते? पावती नंबर सांगितला की शेतकरी ठरतो. शेतकरी सांगितला की त्याचं गाव ठरतं. याला फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात आणि ती बाणाने दाखवतात. पोराने वहीत लिहिलेले बाण असे:

```
pavti → tarikh, shetkari, gadi
shetkari → gaon
pavti, maal → quintal
tarikh, maal → bhav
```

वरच्या टेबलात एक ओळ ओळखायला पावती आणि माल दोन्ही लागतात, म्हणून किल्ली या दोघांची मिळून. पण शेतकरी ठरायला नुसती पावती पुरते. किल्लीच्या अर्ध्या भागावर टेकलेली गोष्ट त्या टेबलात राहिली, की ११८ नंबरच्या पावतीवर पाटील दोनदा लिहावे लागतात. उद्या एका ओळीत दुरुस्ती झाली आणि दुसरीत राहून गेली, तर एकाच पावतीचे दोन मालक. म्हणून पावती वेगळी आणि पावतीतल्या ओळी वेगळ्या. हा दुसरा नॉर्मल फॉर्म.

त्यानंतर पावतीच्या टेबलात गाव उरतं, पण ते पावतीचं नाहीच, शेतकऱ्याचं आहे. चौधरींची एकुलती एक पावती रद्द केली तर त्यांचं गावही पुसलं जातं. ज्याची कापणी अजून व्हायची आहे त्या शेतकऱ्याचं नाव-गाव टाकायला तर जागाच नाही. गाव शेतकऱ्याच्या टेबलात नेलं की दोन्ही अडचणी जातात. किल्लीवर थेट न टेकता मधल्या कुणाच्या तरी खांद्यावरून आलेली गोष्ट बाजूला काढणं, हा तिसरा. पहिला नॉर्मल फॉर्म एडगर कॉड यांच्या आयबीएममध्ये लिहिलेल्या १९७० च्या लेखातला, पुढचे दोन त्यांनी १९७१ साली मांडले.

इथे असाइनमेंट संपली असती. पण मला शेवटच्या बाणाचा संशय होता.

तारीख आणि माल कळला की भाव ठरतो, असं पोराचं म्हणणं. एक्सेलमध्ये तसंच दिसत होतं. ४ जूनच्या नवतीला दोन्ही पावत्यांवर ११५० आणि आठवडाभर असंच. त्याने नियमाप्रमाणे 'भाव' नावाचं टेबल काढलं, त्यात तारीख, माल आणि भाव ठेवला आणि पावतीच्या ओळींतून भावाचा रकाना उडवला. कागदावर निर्दोष. कुठल्याही परीक्षकाने पूर्ण मार्क दिले असते.

तेवढ्यात दाजी चहा घ्यायला आत आले. त्यांना ईआर डायग्राम कळत नाही, पण भावाचा रकाना गायब झालेला लगेच दिसला. "आणि सौदा कुठे लिहायचा?"

मग खुलासा झाला. रोज जाहीर होतो तो बाजाराचा भाव. शेतकऱ्याशी सौदा होतो तो त्या भावाच्या आसपास, पण माल बघून. घड बारीक असेल, डाग असतील, शेत रस्त्यापासून आत असेल तर पन्नास कमी. माल देखणा असेल आणि दुसरा व्यापारीही बांधावर उभा असेल, तर जास्त. त्या आठवड्यात सगळे सौदे जाहीर भावाने झाले, हा योगायोग. दाजींनी पुढच्या आठवड्याचं पुस्तक उघडून १३१ नंबर दाखवला: नवती, ३८ क्विंटल, ठरलेला भाव ११००. त्या दिवशीचा जाहीर भाव होता ११५०.

पोराच्या रचनेत ही पावती भरली असती, तर टेबलं जोडताना तारीख आणि माल यांवरून ११५० उचलला गेला असता. क्विंटलमागे पन्नास म्हणजे ३८ क्विंटलला १९०० रुपयांचा फरक. आणि ११०० हा आकडा सगळ्या डेटाबेसमध्ये कुठेच नाही, म्हणून नंतर कुणाला चूक सापडणारही नाही. फोडलेली टेबलं परत जोडल्यावर मूळच्याच ओळी मिळाल्या पाहिजेत ही विभागणीची कसोटी. बाण खोटा असेल तर ती तिथेच नापास होते.

बाण खरा की खोटा हे बघायला न फोडलेल्या मूळ टेबलावर एक छोटी क्वेरी पुरते:

```
SELECT tarikh, maal
FROM mul_pavtya
GROUP BY tarikh, maal
HAVING COUNT(DISTINCT bhav) > 1;
```

एकाच दिवशी एकाच मालाला दोन भाव असतील तर ती ओळ बाहेर येते. आली की बाण मोडला, विषय संपला. आली नाही तर मात्र बाण सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की आपल्याकडच्या पावत्यांत तो अजून मोडलेला नाही. आठवड्याच्या पावत्यांवर ही क्वेरी रिकामी आली होती. दोन आठवड्यांच्या पावत्यांवर चालवली आणि १३१ नंबरवाली तारीख समोर आली. डिपेंडन्सी हा धंद्याचा नियम असतो, आणि तो टेबलाला विचारून कळत नाही, दाजींना विचारावा लागतो. असाइनमेंटमध्ये बहुधा दहा ओळींचं टेबल देतात आणि 'यातल्या डिपेंडन्सी शोधा' म्हणतात. तो प्रश्नच मला अर्धवट वाटतो. सोबत धंद्याचे नियम दिले नसतील, तर त्या दहा ओळींतून फक्त 'काय खोटं आहे' तेवढं सांगता येतं.

मग भावाचं काय केलं? दोन्ही ठेवले. ठरलेला भाव पावतीच्या ओळीत परत गेला, कारण तो त्या सौद्याचा आहे. जाहीर भावाचं टेबलही राहिलं, फक्त किल्लीत बाजाराचं नाव वाढलं, कारण रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव एक असेलच असं नाही. बहुतेक दिवशी दोन्हीकडे ११५० दिसेल आणि कुणीतरी हमखास म्हणेल की ही पुनरावृत्ती आहे. ती नाही. एक आकडा बाजाराने सांगितला, दुसरा बांधावर ठरला. दोन वेगळ्या गोष्टींचं उत्तर सारखं आलं म्हणून त्या एक होत नाहीत. उलट दोन्ही असल्यामुळे दाजींना आता विचारता येतं की महिन्याभरात आपण जाहीर भावापेक्षा किती वर-खाली खरेदी केली.

मग गावाचाही बाण तपासला. शेतकऱ्याच्या टेबलात गाव आणि तालुका शेजारी ठेवायचे, तर गावावरून तालुका ठरतो असा नवा बाण निघतो आणि गावांचं वेगळं टेबल लागतं. पण गावाच्या नावावरून तालुका ठरतो का? आपल्या जिल्ह्यात पिंप्री आणि पिंपळगाव किती आहेत ते बसच्या पाटीवरून ठरवायला गेलेल्याला विचारा. तेव्हा गावालाही नंबर आला.

शेवटी टेबलं झाली सहा: गाव, शेतकरी, गाडी, पावती, पावतीची ओळ आणि जाहीर भाव. रक्कम मुद्दाम ठेवली नाही, क्विंटल आणि भाव यांचा गुणाकार केव्हाही करता येतो. डायग्राम पुन्हा नीट काढून पोराने दाजींपुढे धरला. दाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उचल कुठे लिहिशील?"

शेतकरी सणाला, लग्नाला आगाऊ रक्कम घेतो, ती उचल. कधी एकाच पावतीतून वळती होते, कधी तीन पावत्यांत थोडी थोडी, आणि एका पावतीतून दोन उचलींचे पैसेही कापले जातात. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, कोरा कागद ओढला, उचल आणि पावती असे दोन चौकोन काढले आणि दोन्ही टोकांना 'अनेक' लिहून मध्ये कापलेल्या रकमेसाठी जागा सोडली.