जोडी दिसते, पण जू आहे का?

‘या दोन शेअरचा सहसंबंध ०.९५ आहे, डोळे मिटून पेअर ट्रेड घे,’ असं परवा एका मित्राने ठणकावून सांगितलं. पेअर ट्रेड म्हणजे जोडीतला महागलेला विकायचा, मागे पडलेला घ्यायचा आणि फट मिटायची वाट बघायची. सहसंबंधावरून एवढंच कळतं, की दोघं बहुधा एकाच दिवशी चढतात आणि एकाच दिवशी पडतात. पण त्यातला एक रोज ०.१ टक्का जास्त कमावत असेल, तर २५० दिवसांत दोघांत २८ टक्क्यांची फट पडते आणि रोजच्या हालचालींचा सहसंबंध मात्र तसाच झकास! शेजारून पळणारे दोन बैल वेगळे, एका जुवाला जुंपलेले वेगळे.

जू तपासायची रीत रॉबर्ट एंगल आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९८७ मध्ये मांडली. तिचं नाव को-इंटिग्रेशन. समजा, ‘अ’चा भाव २,५०० आणि ‘ब’चा १,५०० आहे. वर्षभराच्या बंद भावांवर रेषा बसवली, तर ‘ब’ एक रुपया हलला की ‘अ’ १.६ रुपये हलतो. मग स्प्रेड = अ − १.६ × ब, म्हणजे आज १००. आता खरी गंमत. काल स्प्रेड सरासरीपासून जितका लांब होता, त्यातलं किती अंतर आज भरून निघतं? रोज ८ टक्के निघत असेल, तर निम्मं अंतर साधारण ८ दिवसांत मिटतं.

हे परतणं योगायोगाचं नाही ना, ते टी-आकडा सांगतो. एखादी मालिका सरासरीकडे परतते का, हे बघणाऱ्या साध्या डिकी-फुलर चाचणीत तो −२.८६ च्या खाली गेला की पुरतं. इथे साधारण −३.३४ लागतो, कारण १.६ हा गुणक आपणच स्प्रेड कमीत कमी हलेल असा निवडलेला असतो. स्वतःच काढलेला पेपर स्वतःच सोडवायचा, तर पास होण्याची रेघ वर न्यायलाच हवी. −२.८६ वर थांबणाऱ्याला नसलेलं जूही दिसतं.

पुढचं सोपं. स्प्रेडची सरासरी ४० आणि प्रमाण विचलन २४ असेल, तर झेड-स्कोअर, म्हणजे स्प्रेड सरासरीपासून किती विचलनं लांब आहे ते, (१०० − ४०) ÷ २४ = २.५. ‘अ’चे १०० शेअर विकायचे, ‘ब’चे १६० घ्यायचे. (हातात नसलेला शेअर विकणं, म्हणजे शॉर्ट, रोखीत दिवसापुरताच, म्हणून फ्युचर्स, आणि त्यांचे लॉट १.६ च्या मापात क्वचितच बसतात.) ‘झेड दोन झाला की पैसाच पैसा’ शिकवणारे क्लास आणि ग्रह बघून निफ्टी सांगणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात, बाहेर कधी पडायचं, हे दोघंही सांगत नाहीत.

झेड ०.५ ला, म्हणजे स्प्रेड ५२ वर आला, की ४,८०० रुपये नफा, त्यातून खर्च वजा करायचा. ३.५ ला, म्हणजे १२४ वर गेला, की २,४०० चा तोटा मुकाट्याने घ्यायचा. यातलं काहीच झालं नाही, तर विसाव्या दिवशी बाहेर. मात्र सरासरी आणि विचलन सौद्याच्या दिवशीचेच धरायचे. सरकती सरासरी ठेवली, तर स्प्रेड १०० वरच अडून बसला तरी सरासरी त्याच्याकडे सरकत जाते. झेड शून्य दाखवतो आणि खिशात दमडी येत नाही.

शिवाय बातमीचा नियम. ४ एप्रिल २०२२ ला एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण जाहीर झालं: एचडीएफसीच्या २५ शेअरना बँकेचे ४२. त्या सकाळपासून भावांचं नातं १.६८ या कराराच्या गुणोत्तराशी बांधलं गेलं आणि जुनी सरासरी निरर्थक झाली. अशा दिवशी झेड काहीही म्हणो, सौदा कापायचा. १ जुलै २०२३ ला विलीनीकरण झालं आणि जोडीतला एकच बैल उरला.