सिट-अप ते साइड प्लँक: वेगवान गोलंदाजाच्या कमरेमागचा इतिहास

रेशीमबागच्या मैदानावर पहाटे धावायला येणारी मुले असोत की नेटमध्ये घाम गाळणारे वेगवान गोलंदाज, पोट कमवायचे म्हणजे सिट-अप मारायचे, ही समजूत नागपुरात अजून टिकून आहे. खापरखेड्याच्या उमेश यादवला २०१२ मध्ये अहमदाबाद कसोटीनंतर पाठीच्या दुखापतीमुळे बाहेर बसावे लागले, तेव्हा सिट-अपने गोलंदाजाची कंबर खरेच वाचते का, हा प्रश्न विदर्भाच्या अगदी घरात आला. त्याचा इतिहास मात्र बराच जुना आहे.

१९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. धड प्लास्टरमध्ये ठेवून घेतलेल्या विश्रांतीनंतर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने शरीर नव्याने बांधले आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो परतला. पुढे याच विद्यापीठात ब्रूस इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलंदाजीच्या शैलीचा अभ्यास केला. खांदे आधी एका दिशेला आणि मग भलतीकडे फिरवणारी ‘मिश्र’ शैली कमरेला सर्वाधिक जाचते, असे त्यातून दिसले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पाय आपटतो त्या क्षणी धड मागे ताणलेले, डावीकडे झुकलेले आणि वळत असते. त्यामुळे खालच्या मणक्यांच्या मागील बाजूचा डावा अरुंद हाडपूल चेपला जातो. हाड भरून येण्याआधी पुन्हा तोच भार पडत राहिला, की तडा जातो. म्हणूनच हे फ्रॅक्चर बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला सापडते.

सिट-अप या झुकण्याला अडवायला शिकवतच नाही. तो पाठ पुढे वाकवतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी एका सिट-अपमध्ये मणक्यावर सुमारे ३३०० न्यूटन, म्हणजे जवळपास ३४० किलो वजनाइतका दाब मोजला. त्यांनी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी गोलंदाजाला सर्वांत जवळचा साइड प्लँक होय, कारण त्यात बरगड्या आणि ओटीपोटाचे हाड यांमधले स्नायू धडाला बाजूला कलू देत नाहीत. कुशीवर झोपून, कोपर खांद्याखाली ठेवून कंबर उचलावी, दहा सेकंद धरावी, खाली यावे. उदाहरणार्थ आधी सहा, मग चार, मग दोन वेळा. एकदाच दोन मिनिटे थरथरत राहण्यापेक्षा हे बरे, कारण दमलेल्या शरीराची कंबर खाली लोंबते आणि व्यायाम भलत्याच जागी होतो. दोन्ही बाजूंच्या वेळेत ठळक फरक आढळल्यास कमजोर बाजूला जास्त वेळ द्यावा.

धावणाऱ्यांचे दुखणे निराळे असते: एका पायावर भार येताच दुसऱ्या बाजूचे नितंब खाली जाते आणि कंबर त्याची भरपाई करते. त्यांनाही साइड प्लँक उपयोगी पडतो, पण नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची जोड हवीच.

अर्थात, आठवड्याला टाकलेल्या चेंडूंची संख्या अचानक वाढली, तर कोणताही प्लँक तडा रोखू शकत नाही. गोलंदाजी करताना कमरपट्ट्याच्या रेषेत एकाच बाजूला दुखत असेल आणि एका पायावर उभे राहून मागे झुकल्यावर ते वाढत असेल, तर व्यायाम वाढवण्याऐवजी गोलंदाजी थांबवून एमआरआय करून घ्यावा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा अनेकदा दिसत नाही.