माहिती विचारणे आणि विनंती करणे: जर्मन ए-१ परीक्षेतील दोन सारख्या वाटणाऱ्या फेऱ्या

जर्मनीत राहणाऱ्या पती किंवा पत्नीकडे कायमचे राहायला जाण्यासाठी व्हिसा हवा असेल, तर २००७ पासून काही अपवाद वगळता प्राथमिक जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी पुण्या-मुंबईतील अनेक जण मॅक्सम्युलर भवनात ‘स्टार्ट डॉइच १’ ही ए-१ पातळीची परीक्षा देतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार भागांच्या या परीक्षेत १०० पैकी ६० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून दिल्यानंतर दोन फेऱ्या होतात. दोन्हींत कार्ड उचलायचे असते आणि दोन्हींत समोरच्या उमेदवाराशी बोलायचे असते, म्हणून पुष्कळ जण दोन्हींची तयारी एकच समजून करतात. मात्र एका फेरीत माहिती विचारायची असते, तर दुसरीत विनंती करायची असते.

माहितीच्या फेरीत कार्डावर एक शब्द असतो आणि वर विषय दिलेला असतो. विषय ‘खाणे-पिणे’ आहे आणि कार्डावर ‘झोन्टाग’, म्हणजे रविवार, असे लिहिले आहे असे समजू. घाईत उमेदवार ‘वास माखन झी आम झोन्टाग?’ असे विचारतो, म्हणजे रविवारी तुम्ही काय करता. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर आहे, पण ते खाण्यापिण्याबद्दल नाही. इथे ‘वास एसन झी आम झोन्टाग?’, म्हणजे रविवारी तुम्ही काय खाता, असा प्रश्न हवा. शब्द आणि विषय हे दोन्ही एकाच प्रश्नात आले पाहिजेत, आणि सराव करताना नेमके हेच तपासावे. उत्तर देताना मराठी माणसाची अडचण वेगळी असते. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर जर्मन विधानात ते दुसऱ्या स्थानी बसते. म्हणून ‘आम झोन्टाग’ने सुरुवात केली की लगेच क्रियापद आणि मग ‘मी’ यायला हवा: ‘आम झोन्टाग एस्स इश फिश.’

विनंतीच्या फेरीत कार्डावर शब्दाऐवजी एखाद्या वस्तूचे चित्र असते. समजा, पाण्याचा ग्लास आहे. आपल्या घरी पाहुणा ‘पाणी आहे का?’ म्हणाला तरी पाणी पुढे येते. त्याच सवयीने उमेदवार ‘हाबन झी वासर?’ असे विचारतो. परीक्षकाच्या कानाला हा मागच्या फेरीतलाच प्रश्न वाटतो, कारण समोरचा ‘हो, आहे’ एवढे म्हणून थांबू शकतो. उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ देऊन संवाद पुरा होत असेल, तर आपण विनंती केलेली नाही असे खुशाल समजावे. ‘गेबन झी मीअर बिट्टं आइन ग्लास वासर’, म्हणजे कृपया मला ग्लासभर पाणी द्या, असे म्हटले की समोरच्याला काहीतरी करावे लागते. क्रियापद पहिले, मग ‘झी’, आणि ‘बिट्टं’ न विसरता, हा साचा पाठच करावा. चित्र खिडकीचे असेल तर ‘माखन झी बिट्टं डास फेन्स्टर त्सू’ म्हणताना शेवटचे ‘त्सू’ गळू देऊ नये, कारण बंद करण्याचा अर्थ त्यातच आहे. उत्तरादाखल ‘या, गेर्न’ म्हणून होकार देता येतो किंवा ‘टूट मीअर लाइट’ म्हणून दिलगिरीसह नकार देता येतो. नकार दिल्याने गुण जात नाहीत, गप्प राहिल्याने मात्र जातात.

सरावासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती पद्धत अशी की एकच वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ पाव, आणि तिच्यावर आधी प्रश्न, मग विनंती करावी. ‘तुम्हांला पाव आवडतो का?’ आणि ‘कृपया मला पाव द्या’ ही दोन वाक्ये जर्मनमध्ये लागोपाठ म्हटली की क्रियापदातला आणि सुरातला फरक जिभेवर बसतो. जोडीदाराने दर वेळी खरोखर उत्तर द्यावे किंवा वस्तू हातात द्यावी.

ऐकण्याच्या भागातही अशीच एक जोडी आहे. स्थानकावरील किंवा दुकानातील घोषणा एकदाच ऐकवतात, तर फोनवर ठेवलेले निरोप दोनदा. घोषणेच्या वेळी खालचे विधान आधी वाचून नेमकी कोणती गोष्ट ऐकायची, फलाट की वेळ, हे ठरवूनच कान द्यावा. निरोपात पहिल्या वेळी उत्तर निवडावे आणि दुसऱ्या वेळी ते पडताळावे. आकड्यांच्या बाबतीत मराठी माणसाला एक सोय आहे: ‘पंचवीस’मध्ये पाच आधी येतात, तसेच जर्मनमध्येही ‘फ्युन्फ-उन्ड-त्स्वान्त्सिश’ म्हणताना पाचच आधी येतात. त्यामुळे आकडे मनातल्या मनात इंग्रजीत न नेता थेट मराठीत ऐकावेत, म्हणजे पंचवीसचे बावन्न होत नाहीत.