टक्के वर चढवणे आणि टक्क्यांनी भागणे: टीडीएस व फी कापूनही ठरलेली रक्कम हातात येण्यासाठी बिल कितीचे करावे?

समजा खात्यात 68,000 रुपये यायला हवेत. क्लायंट कंपनी व्यावसायिक सेवेवर 10 टक्के टीडीएस कापणार आहे आणि प्लॅटफॉर्म बिलाच्या रकमेवर 5 टक्के फी घेणार आहे. बहुतेक फ्रीलान्सर इथे 68,000 वर 15 टक्के चढवतात आणि 78,200 चे बिल पाठवतात. त्यातून 7,820 टीडीएस आणि 3,910 फी गेली की खात्यात 66,470 येतात, म्हणजे 1,530 रुपये कमी. मग दोष प्लॅटफॉर्मला दिला जातो, पण चूक आकडेमोडीत असते.

आपण 15 टक्के चढवले ते 68,000 वर, पण समोरचे दोघे कापतात ते मोठ्या रकमेवर, म्हणजे संपूर्ण बिलावर. आपण वर घातलेल्या रकमेवरही कपात होते. म्हणून विचार उलटा करावा लागतो: बिलाचे 100 धरले तर 15 जातात, 85 उरतात. हे 85 टक्के म्हणजेच 68,000. तेव्हा 68,000 ला 0.85 ने भागायचे, बिल 80,000 चे. पडताळा सोपा आहे: 8,000 टीडीएस, 4,000 फी, उरले 68,000. बिल पाठवण्याआधी हा पडताळा दरवेळी करावा, कारण चढवण्याची चूक इथे लगेच उघडी पडते.

शीटमध्ये सूत्र असे:

```
=68000/(1-0.10-0.05)
```

इथे दोन्ही टक्के एकत्र वजा केले, कारण दोन्ही कपाती एकाच रकमेवर आहेत. प्रत्येक वेळी तसे नसते. कंपनीने आधी टीडीएस कापून उरलेले पैसे पाठवले आणि फी फक्त त्या पाठवलेल्या पैशांवर लागली, तर उरणारा भाग 0.90 गुणिले 0.95, म्हणजे 0.855 होतो आणि बिल सुमारे 79,532 रुपयांचे पुरते. त्यामुळे दर किती याच्याइतकेच तो कशावर लागतो हे विचारून घ्यावे. मात्र टीडीएसच्या बाबतीत असा पर्याय नाही. तो बिलाच्या पूर्ण रकमेवरच कापला जातो, प्लॅटफॉर्मची फी वजा करून नाही.

फीवर 18 टक्के जीएसटी लागत असेल तर 5 टक्क्यांची फी प्रत्यक्षात 5.9 टक्के पडते. ते विसरून 80,000 चेच बिल केले, तर 720 रुपये कमी येतात. ते धरून भाजक 0.841 होतो आणि बिल सुमारे 80,856 रुपयांचे. फीत टक्क्यांशिवाय काही ठरावीक रक्कमही असेल, तर ती 68,000 मध्ये आधी मिळवावी आणि मग भागावे. भागून झाल्यावर मिळवली तर तीच चूक पुन्हा होते. तुम्ही स्वतः जीएसटी लावत असाल, तर तो बिलात वेगळा दाखवावा. तसा दाखवला की टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापला जातो.

टीडीएसचा दरही आधी खात्रीने विचारावा. पॅन दिला नसेल तर 10 ऐवजी 20 टक्के कापले जातात. व्यावसायिक शुल्कासाठी त्या कंपनीकडून वर्षभरात मिळणारी एकूण रक्कम 50,000 च्या आत असेल, तर सहसा कपात होत नाही.

पण या दोन कपाती मुळात एका जातीच्या नाहीत, आणि आमच्या मते खरी गल्लत इथे होते. प्लॅटफॉर्मची फी गेली ती गेली. टीडीएस मात्र तुमच्याच पॅनवर भरलेला आगाऊ कर आहे. तो आयकर खात्याच्या 26एएस या करनोंदीच्या पत्रकात दिसतो, विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो आणि जास्त झाला तर परत मिळतो. उत्पन्न म्हणूनही 80,000 च दाखवायचे असतात, हातात आलेले 68,000 नाही.

म्हणून 68,000 ही रक्कम नेमकी कशासाठी हवी, ते आधी ठरवावे. या महिन्यात तेवढी रोकड हवीच असेल, तर 80,000 चे बिल बरोबर. पण 68,000 ही कामाची किंमत असेल, तर फक्त फी भरून काढायची: 68,000 भागिले 0.95, म्हणजे सुमारे 71,579. फीवरचा जीएसटी यात धरलेला नाही. त्यातून हातात सुमारे 60,842 येतील आणि 7,158 तुमच्या नावावर सरकारकडे जमा असतील, दोन्ही मिळून 68,000. क्लायंटच्या दृष्टीने 80,000 आणि 71,579 यांत मोठा फरक आहे, आणि स्वतःचा कर दरात मिसळून मागितला की काम हातचे जाण्याची शक्यता वाढते.