कापलेल्या चित्राभोवतीची पांढरी कड

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर टिपलेल्या छायाचित्रातून एखाद्या ढोलवादकाला वेगळे काढून गडद मरून रंगाच्या पोस्टरवर बसवले, की ढोलाच्या काळ्या काठाभोवती अनेकदा एक पांढरट रेघ उमटते. पांढऱ्या झब्ब्याच्या कडेला ती सहसा जाणवत नाही, कारण मागचे उजळ आकाश आणि झब्बा यांच्या रंगांत फारसा फरक नसतो.

काठावरच्या पिक्सेलमध्ये ढोल आणि आकाश दोन्ही मिसळलेले असतात, आणि हेच या रेघेचे मूळ आहे. ढोलाची उजळता ४० आणि आकाशाची २४० धरली, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा पिक्सेल १४० भरतो. मास्क ही करड्या छटांची प्रतिमा असते. तिच्या पांढऱ्या भागातले चित्र दिसते, काळ्यातले झाकले जाते. मास्कने हा पिक्सेल ५० टक्के दाखवला आणि पोस्टरची उजळता २० असली, तर तेथे ८० उमटते. निखळ ढोल असता तर ३० उमटले असते. मास्कने पारदर्शकता बदलली, पण पिक्सेलमध्ये मुरलेले आकाश तसेच राहिले. तोच पिक्सेल १० टक्केच दाखवला, तर उजळता ३२ होते आणि रेघ जवळपास नाहीशी होते. म्हणून निवड किंचित आत घ्यावी लागते.

फोटोशॉपच्या `Select and Mask` मध्ये मी आधी `Smooth` थोडे वाढवतो, म्हणजे कडेचे दाते बुजतात. ते फार वाढवले तर ढोलाच्या दोऱ्यांचे कोपरे गोलसर होऊ लागतात. मग `Contrast` वाढवले, की पांढऱ्या-काळ्यामधला करडा पट्टा अरुंद होऊन कड नेटकी दिसते. शेवटी `Shift Edge` ऋण बाजूला, उणे २० टक्क्यांच्या आसपास नेऊन पाहावे. ते मऊ कडेला आत सरकवते, त्यामुळे `Contrast` इतके वाढवू नये की करडा पट्टाच उरणार नाही. `Feather` मात्र येथे जपूनच वापरावे, कारण ते करडा पट्टा बाहेरही पसरवते आणि आकाशाचा आणखी अंश आत आणते.

रेघ गेली की नाही, हे `On Black` दृश्यात १०० टक्के किंवा त्याहून मोठे करून पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उजळ रेघ लपून जाते. उलट, मूळ पार्श्वभूमी गडद असेल तर `On White` वर तपासणे योग्य.

कड फार आत घेतल्यास वादकाच्या हातातले टिपरू आणि बोटांची टोके झिजतात. अशा जागी संपूर्ण मास्क पुन्हा सैल करण्यापेक्षा तेवढ्याच भागावर पांढऱ्या ब्रशने मास्क भरून काढणे मला अधिक योग्य वाटते. मोकळ्या केसांपुढे मात्र कड सरकवणे अपुरे ठरते, कारण एकेका केसाची रुंदीच पिक्सेलएवढी किंवा त्याहून कमी असते आणि आत सरकताना केसच गळून पडतात. तेथे `Decontaminate Colors` वापरून कडेच्या पिक्सेलचा रंगच बदलावा लागतो, आणि मूळ छायाचित्र शाबूत राहावे म्हणून त्याचा निकाल नव्या लेअरवर घ्यावा.