टीसीएस मोठी, तरी निफ्टीत हलकी

2024 मध्ये बहुतेक काळ टीसीएसचं बाजारमूल्य एचडीएफसी बँकेपेक्षा जास्त होतं. तरीही निफ्टी 50 मध्ये बँकेचं वजन टीसीएसच्या जवळपास तिप्पट होतं. कारण टीसीएसचे सुमारे 72 टक्के शेअर टाटा सन्सकडे, म्हणजे कंपनीवर नियंत्रण असलेल्या प्रवर्तकाकडे आहेत आणि ते रोजच्या खरेदीविक्रीत येत नाहीत. जून 2009 पासून निफ्टी प्रवर्तकांचा वाटा वगळून उरलेलेच शेअर मोजतो. त्यांना फ्री फ्लोट म्हणतात. एचडीएफसी बँकेला प्रवर्तकच नाही. म्हणजे निर्देशांकात कंपनीचा आकार ठरतो तो बाजारात खरोखर विकत घेता येण्याजोग्या भागावरून.

दोनच कंपन्यांचा निर्देशांक घेऊन पाहू. ‘अ’ची किंमत 1000 कोटी, पण 75 टक्के शेअर प्रवर्तकांकडे, म्हणून मोजायचे 250 कोटी. ‘ब’ची किंमत 750 कोटी आणि सगळे शेअर बाजारात. बेरीज 1000, हाच निर्देशांक धरू. निर्देशांकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडाकडे 100 कोटी असतील, तर तो 25 कोटी ‘अ’मध्ये आणि 75 कोटी ‘ब’मध्ये घालेल.

आता ‘ब’चा भाव 20 टक्के वाढला. निर्देशांक 1150 झाला आणि फंडाकडचे 100 कोटी 115 झाले. ‘ब’चं वजन दोन्हीकडे सारखंच, 78.3 टक्क्यांवर गेलं. फंडाने एकही शेअर विकला नाही की घेतला नाही! मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: भाव हलले की वजनं आपोआप जुळतात.

हात घालावा लागतो तो यादी बदलली की. समजा ‘अ’ गेली आणि 350 कोटी फ्री फ्लोटची ‘क’ आली. बेरीज 1250 झाली, पण गुंतवणूकदाराला तर काहीच मिळालेलं नाही. म्हणून बेरजेला 1.087 ने भागून निर्देशांक 1150 वरच ठेवतात. फंडाला मात्र खरे सौदे करावे लागतात. ‘क’चं वजन 28 टक्के, म्हणजे 32.2 कोटी हवेत. ‘अ’ विकून 25 कोटी येतात, उरलेले 7.2 कोटी ‘ब’चे शेअर विकून उभे करायचे. दलाली आणि कर इथे लागतात, निर्देशांकाला ते लागत नाहीत. निफ्टीचा असा आढावा वर्षातून दोनदा होतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो. फंडाला तो मिळतो आणि तो पुन्हा गुंतवला जातो. म्हणून सेबीच्या नियमानुसार फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना लाभांश धरणाऱ्या टोटल रिटर्न इंडेक्सशीच तुलना दाखवावी लागते. तुमचा फंड टीव्हीवरच्या निफ्टीपेक्षा वर्षाला एखादा टक्का पुढे दिसत असेल, तर ते फंड व्यवस्थापकाचं कौशल्य नाही, तो लाभांश आहे. टोटल रिटर्न इंडेक्सच्या तुलनेत मात्र चांगला फंडही खर्चाइतका मागेच राहतो. या फरकाला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात. एकाच निर्देशांकाचे दोन फंड निवडताना मी आधी तोच आकडा पाहतो.