मॅट्रिक्सचा मोठा घात: कर्णीकरणाची पद्धत

चौरस मॅट्रिक्सचा शंभरावा घात काढायचा म्हणजे शंभर वेळा गुणाकार करायचा, असे नाही. मुख्य कर्णाबाहेर सगळी शून्ये असतील, तर घात चुटकीसरशी निघतो, कारण कर्णावरच्या प्रत्येक संख्येचा तेवढा घात घेतला की झाले. सगळीच मॅट्रिक्स अशी नसतात. पण पुष्कळांना या रूपात आणता येते आणि त्यालाच कर्णीकरण म्हणतात. मूळ मॅट्रिक्स A ने गुणल्यावर जो शून्येतर व्हेक्टर स्वतःच्याच काही पटीत येतो, तो A चा आयगेन व्हेक्टर, आणि ती पट म्हणजे त्याचे आयगेन मूल्य. P चे स्तंभ म्हणून आयगेन व्हेक्टर आणि D च्या कर्णावर त्याच क्रमाने आयगेन मूल्ये घेतली, तर

```
A = P D P^-1
A^n = P D^n P^-1
```

दुसरी ओळ पहिलीतूनच येते. PDP^-1 स्वतःपुढे पुन्हा पुन्हा लिहिले की मधल्या प्रत्येक ठिकाणी P^-1 आणि P शेजारी येतात आणि एकमेकांना रद्द करतात. उरतात दोन टोके आणि मधले D.

एक उदाहरण ठाण्याहून वाशीकडे रोज कामाला जाणाऱ्यांचे घेऊ. काही जण ट्रान्स-हार्बर लोकलने जातात, काही बसने. समजा, आज लोकलने गेलेल्यांपैकी ९० टक्के उद्याही लोकल धरतात आणि १० टक्के बसकडे वळतात. बसवाल्यांपैकी ८० टक्के बसलाच राहतात, २० टक्के लोकलकडे येतात. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. पहिला स्तंभ आजच्या लोकलवाल्यांचा, दुसरा आजच्या बसवाल्यांचा:

```
A = [0.9  0.2]
    [0.1  0.8]
```

आयगेन मूल्ये १ आणि ०.७ येतात. ती बरोबर आहेत की नाही हे लगेच पडताळता येते: बेरीज १.७ म्हणजे कर्णाची बेरीज, गुणाकार ०.७ म्हणजे निश्चयक. १ साठी व्हेक्टर (2, 1), ०.७ साठी (1, -1). म्हणून

```
P = [2  1]    P^-1 = (1/3) [1  1]
    [1 -1]                 [1 -2]
```

गुणाकार केल्यावर

```
A^n = (1/3) [2 + 0.7^n   2 - 2(0.7^n)]
            [1 - 0.7^n   1 + 2(0.7^n)]
```

आता n च्या जागी हवी ती संख्या घाला. n = 20 ला 0.7^20 सुमारे ०.०००८ उरते. म्हणजे वीस दिवसांत सुरुवात कशीही असली तरी दोन-तृतीयांश माणसे लोकलने आणि एक-तृतीयांश बसने जाताना दिसतील. n = 100 ला ती संख्या १०^-१५ पेक्षाही लहान होते. या पद्धतीचे खरे मोल मला इथेच दिसते: शंभर वेळा गुणून हाती फक्त चार दशांश संख्या येतात, पण त्या तिथे का स्थिरावल्या, किती वेगाने स्थिरावल्या, हे ०.७ कडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

परीक्षेत चुका बहुधा क्रमाच्या होतात. D मध्ये ०.७ आधी आणि १ नंतर लिहिले, पण P चे स्तंभ तसेच ठेवले, तर n = 1 लाच उत्तरात -0.2 येते. माणसांचा वाटा ऋण असू शकत नाही, त्यामुळे ही चूक चटकन पकडली जाते. P^-1 D P असा उलटा क्रम लिहिण्याची चूक मात्र लपते. या उदाहरणात तसे केल्यास

```
[0.9  0.1]
[0.2  0.8]
```

मिळते. आकडे ओळखीचे वाटतात, पण स्तंभांच्या बेरजा १.१ आणि ०.९ येतात. प्रत्येक माणूस उद्या कुठेतरी जाणारच, म्हणून प्रत्येक स्तंभाची बेरीज १ हवी. याच कारणासाठी सूत्र हाती आल्यावर आधी n = 0 आणि n = 1 घालून पाहावे: पहिल्याने एकक मॅट्रिक्स, दुसऱ्याने मूळ A मिळायला हवे.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. पुढच्या मॅट्रिक्सचे एकच आयगेन मूल्य १ आहे आणि स्वतंत्र दिशाही एकच मिळते. P चा दुसरा स्तंभ भरायला काहीच नसते, म्हणून P^-1 निघतच नाही.

```
[1  1]
[0  1]
```

याचा n वा घात घेतला तर वरच्या उजव्या कोपऱ्यात n येतो. नुसत्या आयगेन मूल्यांच्या घातांतून हा n कधीच निघाला नसता. अशा वेळी कर्णाच्या लगेच वर काही ठिकाणी १ उरणारे जॉर्डन रूप वापरावे लागते. आयगेन व्हेक्टर वेगळे असूनही जवळजवळ एकाच दिशेचे असतील, तर कागदावर सगळे ठीक दिसते, पण संगणकावर P^-1 मधल्या संख्या फार मोठ्या होतात आणि दशांशांतल्या छोट्या चुका फुगतात. पूर्णांकांचे नेमके उत्तर हवे असेल तर पुनःपुन्हा वर्ग करणे बरे. 100 = 64 + 32 + 4, म्हणून सहा वर्ग आणि दोन गुणाकार पुरतात.

शिवाय A^n लिहिताना रोजचे मॅट्रिक्स एकच आहे, हे आपण गृहीत धरलेले असते. जुलैत रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली, तर त्या दिवसाचे मॅट्रिक्स B वेगळे असते. दहाव्या दिवशी तसे घडले, तर वीस दिवसांचे उत्तर A^20 नसून A^10 B A^9 असते. इथे B ला मधल्या जागेवरून हलवता येत नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे घात वरच्याच सूत्राने काढता येतात.